पंधरा किलो बियाण्याची जागा

दशांशचिन्हाची मला अजूनही भीती वाटते. एवढासा ठिपका. प्रिंटर जरा कोरडा चालला तर उमटतही नाही. पण तो एक घर इकडचा तिकडे झाला की माणसाची जमीन दहापट होते, आणि दहापट झालेली जमीन हातात राहीलच असं नाही.

मी आठवीत शाळा सोडली. माहेर हिंगोलीकडचं, सासरही तिकडचंच. नवऱ्याला मुरबाडच्या एका कारखान्यात काम लागलं आणि आम्ही शहापूरला खोली घेऊन राहिलो. तो रोज मोटारसायकलवर मुरबाडला जायचा. मी दिवसभर एकटी. इथल्या बायका 'नाय गो', 'कुठं चाललीस गो' असं बोलायच्या. माझं 'व्हय माय' ऐकून त्या हसायच्या. वाईटपणाने नाही, पण मी दुकानात जायचं तरी दहा वेळा विचार करायची.

तहसील कचेरीच्या रस्त्यावर एका बाईंचं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान होतं. सगळे त्यांना काकू म्हणत. झाडू मारायला बाई हवी म्हणून त्यांनी मला ठेवलं आणि सहा महिन्यांत कीबोर्डवर बसवलं. का बसवलं ते मी आजवर विचारलेलं नाही. विचारलं तर त्यांना आपली चूक कळेल, असं मला बरेच दिवस वाटत होतं.

काकूंची एक सवय होती. कागद छापण्याआधी त्या तो वाचायच्या नाहीत, नुसत्या आकड्यांकडे बघायच्या.

"अक्षर चुकलं तर साहेब हसतो," त्या म्हणायच्या. "आकडा चुकला तर माणूस रडतो. आकडा डोळ्यांपुढे उभा कर आणि विचार, असं होऊ शकतं का?"

सुरुवातीला मला काहीच दिसायचं नाही. छापलेला आकडा म्हणजे खरा आकडा, असंच मी धरून चालायची. मग त्यांनी एक दाखल्याचा अर्ज पुढे ठेवला. त्यात आजोबांचं जन्मसाल होतं आणि वडिलांचं होतं. दोन्ही आकडे स्वच्छ, खाडाखोड नाही.

"वजाबाकी कर."

केली. अकरा आले.

"अकराव्या वर्षी बाप झाला म्हातारा," काकू म्हणाल्या. "आता सांग, दोन्ही सालं सुटी सुटी वाचून कळलं असतं?"

त्यानंतर मला नादच लागला. बाळाच्या जन्माआधीची लसीची तारीख. दोन भावंडांच्या जन्मात पाच महिन्यांचं अंतर. पाच माणसांच्या घराला वापरायला महिन्याचं पाणी म्हणून लिहिलेले साठ लिटर, म्हणजे माणशी दिवसाला अर्धा लिटरही नाही. यासाठी मोठं गणित लागत नव्हतं. किलोभर पिठात किती भाकरी होतात हे जिला माहीत आहे तिला जेवढं येतं तेवढं पुरत होतं. तरी कुणाला 'हे चुकलंय' म्हणायचा मला धीर व्हायचा नाही. समोरचा शिकलेला असायचा, आणि मी आठवी.

शेणव्याच्या पुढे डोंगराच्या पायथ्याशी एक वाडी आहे. तिथल्या चौदा घरांचे वनहक्काचे दावे आमच्या दुकानात टाईप व्हायला आले. जंगलखात्याच्या जागेवर ही माणसं पिढ्यान् पिढ्या भात करत होती, पण नावावर काही नव्हतं. ग्रामसभेचा ठराव झाला होता. वाडीतलीच एक बारावी झालेली मुलगी गावाच्या वनहक्क समितीची सचिव होती, तीच वही घेऊन यायची. दुसऱ्या दिवशी साडेबारापर्यंत सगळे कागद प्रांत कचेरीत द्यायचे होते. टायपिंग मीच केलं होतं, एकटीने, आणि त्याचा मला थोडा गर्वही झाला होता.

आदल्या दिवशी दुपारी सचिव एका म्हातारीला अंगठ्यासाठी घेऊन आली. नवरा गेलेला, मुलगाही गेलेला. घरात ती आणि सून. स्टुलावर बसायचं नाही म्हणून ती दारातच टेकली. मी शाई शोधत होते. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "आजी, आवणीला माणसं लावता का?"

"माणसं कुठून लावू गो? मी न् सून. चार दिसात आवरतो आमी दोघी."

मी हसले आणि शाईचा डबा उघडला. आणि तसाच धरून राहिले.

दोघी, चार दिवस. म्हणजे आठ बायकांचं एका दिवसाचं काम. इकडे एकरभर आवणीला, म्हणजे भाताची रोपं लावायला, आठ-दहा बायका दिवसभर लागतात, हे मला एवढ्या वर्षांत ऐकून पाठ झालं होतं. मग हिची जागा एकराच्या आसपास. आणि मी टाईप केलेल्या कागदावर काय होतं? तीन पूर्णांक ऐंशी हेक्टर. हेक्टरचे अडीच एकर धरले तर साडेनऊ एकर. एवढ्या जागेची आवणी या दोघी करत बसल्या तर सव्वा महिना तरी लागेल. तोवर रोपं जून होऊन वाळतील.

मी सचिवाची वही मागितली. वहीत स्वच्छ लिहिलं होतं, ०.३८. म्हणजे अडतीस आर, एकराहून जरा कमीच. ठिपका मीच हलवला होता.

कॉम्प्युटरने तक्रार केली नव्हती, कारण कायद्याची मर्यादा चार हेक्टरची, आणि तीन ऐंशी तिच्या आत बसत होतं. चुकीचा आकडा शिस्तीत बसला होता. जागेवर मोजणीला माणसं आली असती, दहावा हिस्साच निघाला असता, आणि म्हातारी खोटारडी ठरली असती. चौदाही दावे एकाच ठरावाचे. एकावर संशय आला की बाकीचे तेराही बाजूला पडायला कितीसा वेळ लागतो!

काकूंना सांगायचं की गुपचूप दुरुस्त करायचं, हा विचार मी केला. खोटं कशाला बोलू? मिनिटभर केला. मग सांगितलं. नोकरी गेली असंच समजून सांगितलं.

काकूंनी चष्मा लावला. "बाकीच्या तेरांची बेरीज कर."

सहा हेक्टर वीस आर आली.

"तेरा घरांची सव्वासहा, आणि हिच्या एकटीची पावणेचार. ही बेरीज कालच केली असतीस तर तिनेच ओरडून सांगितलं असतं." एवढंच बोलल्या. मग म्हणाल्या, "आता सगळे चौदा परत तपास. एक सापडली म्हणजे एकच असते असं नाही."

खरंच एकच नव्हती. म्हातारीच्याच दाव्याला तिच्या शेजारच्या म्हाताऱ्याचा जबाब जोडला होता. 'सन १९७१ मध्ये मी यांच्या सासऱ्यांबरोबर याच जागेत नांगर धरलेला आहे.' खाली त्याच्या आधारकार्डाची झेरॉक्स. जन्म, एक जानेवारी १९६९.

"दोन वर्षांचा होता," मी म्हणाले.

सचिव कपाळाला हात लावून हसली. "दोन वर्षांचा न् नांगर धरला! बरा पैलवान होता." मग हळूच म्हणाली, "ताई, ८९ कर ना. काय फरक पडतोय? कोण बघतंय?"

"आपण बघितलं ना," मी म्हणाले. तिला वाटलं मी रागावले. मी घाबरले होते. जबाब त्याचा, अंगठा त्याचा, आणि साल मी घालायचं?

तिने फोन केला. म्हातारा म्हणाला, सकाळच्या जीपने येतो.

आणि तेवढ्यात दारातल्या म्हातारीला कळलं की कागदात काहीतरी कमी होणार आहे. कागद वाचता येत नव्हता तिला, पण आमचं बोलणं तिने ऐकलं होतं. तीन ऐंशीचे शून्य अडतीस.

"माझी जागा कमी केलीस?" ती उठून उभी राहिली. "लिवलेली जागा कमी केलीस? का गो? मी काय केलंय तुझं?"

सचिव समजवायला गेली तर म्हातारीने तिचा हात झटकला. मी खाली, तिच्या पायांशी बसले.

"आजी, राब भाजून रोपांसाठी त्या जागेत बियाणं किती टाकता?"

"पंधरा किलो. दरसाल पंधरा."

"दीडशे नाय ना?"

"दीडशे?" ती माझ्याकडे वेड्यासारखी बघायला लागली.

"मी चुकून कागदात दीडशे किलोची जागा लिहिली होती. साहेब मोजायला आले असते तर पंधरा किलोचीच निघाली असती. मग म्हणाले असते, बाई खोटं बोलते."

ती ओठ हलवत मनातल्या मनात काही मोजत होती. मग एकदम म्हणाली, "दीडशे किलोच्या आवणीला मला दहा सुना लागतील गो! एकच ऐकत नाय."

काकू आत जोरात हसल्या. मी हसले, आणि मग रडलेही. कागद परत छापला, तिने अंगठा दिला. ठिपका दिसतोय ना म्हणून मी तो कागद उजेडाला धरून तीनदा पाहिला.

सकाळी नऊला शेजारचा म्हातारा आला. एकाहत्तर साल कुठून आलं, विचारलं. "मला काय ठाव? मी म्हटलं, लय जुनी गोष्ट. पोरांनी लिवलं." जन्मतारीखही कार्ड काढणाऱ्याने अंदाजाने टाकलेली.

काकूंनी विचारलं, "मोठा मुलगा झाला तेव्हा नांगर धरलेला होता का तिथं?"

"त्याच्या आदल्या सालीच धरला. सासरा होता तवा म्हातारीचा."

मुलाचा शाळेचा दाखला पिशवीतच होता. जन्म १९९२. मी वजाबाकी केली. कार्डावरचं साल खरं धरलं तर बाप तेवीस वर्षांचा. होऊ शकतं. कायद्याला जमीन डिसेंबर २००५ च्या आधीपासून कसलेली हवी. त्याहून तेरा-चौदा वर्षं आधीची गोष्ट. एकाहत्तरची गरजच नव्हती. त्याच्या शब्दांत, तो जसा बोलला तसा जबाब लिहिला. वाचून दाखवला. त्याने ऐकून मान हलवली आणि अंगठा टेकवला.

बारा वाजून दहा मिनिटांनी सचिव फाईल घेऊन निघाली. मी दुकानाच्या पायरीवर उभी होते. अजून एखादा ठिपका राहिला असेल, असं वाटत होतं. पुढचे कित्येक महिने वाटत राहिलं. कचेरीतून काही आलं का, असं विचारायचीही मला भीती वाटायची. काकू एकदा म्हणाल्या, "दावा तिचा, झोप तुझी उडाली." पण पगारातून त्यांनी एक दिवसही कापला नाही, आणि वाडीत कुणाला कळू दिलं नाही की चूक कोणाची होती. ते मात्र म्हातारीनेच सगळीकडे सांगितलं. हसत हसत.

मोजणी झाली त्या संध्याकाळी सचिवाचा फोन आला. जंगलखात्याची माणसं यंत्र घेऊन बांधावरून फिरली होती. म्हातारी त्यांच्या मागोमाग.

"किती निघाली?" मी विचारलं.

"सदतीस आर न् वर काहीतरी. साहेब बोलला, कागदाला जमतंय. आजीने त्याला आधीच सांगितलेलं, पंधरा किलोची हाय, मोजा नायतर नका मोजू."

मी फोन ठेवला. सदतीस आणि वर काहीतरी. अडतीसपासून किती लांब, ते मी हातातल्या पेन्सिलीने टेबलावर मांडून पाहिलं. मग पुसलं, आणि पुन्हा मांडलं.