मनगटावरचा दादा

"बाई, बाकी काय वाटेल ते बंद करा, फोनची वाट तेवढी मोकळी ठेवा. सगळंच गप केलंत तर मला घड्याळ असून नसल्यासारखं."

"फोरमन, तुमचं हे मनगट आहे का गिरणीचा पट्टा? दोन मिनिटं झाली नाहीत इथं बसून, आणि अकरा वेळा थरथरलं."

"म्हणून तर आलोय तुमच्याकडं. साहेबांनी मागच्या मीटिंगला सगळ्यांसमोर सांगितलं, पुढच्या वेळी हा भुंगा टेबलावर गुणगुणला तर घड्याळसुद्धा ड्रॉवरमध्ये. फोन तर आधीच पालथे घालून ठेवायचे असतात. मग मला कळायचं कसं?"

काय कळायचं, हे स्टोअरवाल्या बाईंनी विचारलं नाही. लिफ्ट दुरुस्तीच्या त्या कंपनीत ते सगळ्यांनाच ठाऊक होतं.

फोरमनचा थोरला भाऊ गेला तो दिवस मीटिंगचाच. कंपनीत कुणाला तरी बढती मिळाली होती आणि साइटच्या ग्रुपवर अभिनंदनाचा पूर आला होता. एकाने अंगठा दाखवला की दुसऱ्याने फुलं टाकायची. फोरमनचं मनगट एकसारखं फुरफुरत होतं. साहेब बोलत होते, म्हणून त्याने घड्याळावर बाही ओढली आणि मन घट्ट केलं. त्या फुरफुरीत दोन वेळा दादाचा कॉल येऊन गेला. दादा आपल्या बिल्डिंगच्या जिन्यात छाती धरून बसला होता. मीटिंग सुटल्यावर फोरमनने बाही वर केली. अभिनंदनाच्या ढिगाखाली ते दोन कॉल, कचऱ्यात टाकलेल्या चाव्यांसारखे पडले होते.

तेव्हापासून त्याने काहीच बंद केलं नाही. बातम्या, खरेदी, हवामान, चुलतभावांचा ग्रुप, साइटचा ग्रुप, जे येईल ते मनगटावर येऊ दिलं. प्रत्येक थरथरीला बघायचं, हा त्याचा नेम. झोपेतसुद्धा मनगट हलल्यासारखं व्हायचं. बघावं तर काच काळी.

आणि आता वहिनी त्या घरात एकटी. तिची साखर अचानक खाली जायची, डोळ्यांपुढे अंधारी यायची. शेजारणीकडं किल्ली होती, पण वहिनी हाक मारायची ती दिराला. दादाचा फोन तिच्याकडं. त्यातल्या हिरव्या अ‍ॅपमध्ये दिराचा फोटो दाबायचा आणि कानाला लावायचा, एवढंच दादाने तिला शिकवलं होतं. त्यामुळे वहिनीचा कॉल आला की फोरमनच्या मनगटावर अक्षरं उमटायची: दादा.

"नाव तरी बदला की," बाई एकदा म्हणाल्या होत्या.

"बदलू बदलू," तो म्हणाला होता. बदललं नव्हतं.

आज बाईंनी त्याचा फोन हातात घेतला, घड्याळाचं अ‍ॅप उघडलं आणि सूचनांच्या पानावर गेल्या. फोनमधल्या एकूण एक अ‍ॅपची तिथं रांग, प्रत्येकापुढं एक बटण. बाई भाजी निवडावी तशा निवडत सुटल्या. बातम्या बंद. खरेदी बंद. "हा खेळ कोण खेळतं?" "पोरगं." तोही बंद. वरचं कॉलचं बटण चालू राहू दिलं. हिरव्या अ‍ॅपपाशी आल्या आणि तेही खटकन बंद केलं.

"सगळी रड याच्यामुळंच. ग्रुप यातच ना तुमचे? झालं. आता कसं गार पडलं."

मनगट खरोखर गार पडलं. फोरमन ऑफिसाकडं निघाला, पण पायऱ्या चढताना त्याला कसंतरी व्हायला लागलं. रोज भांडणाऱ्या घरातून एकदम आवाज येईनासा झाला की शेजारी कान टवकारतात, तसं. मधेच मनगट हललं असं वाटलं. बघितलं. काहीच नाही. पुन्हा हललं. पुन्हा काहीच नाही. तो जिन्यातच थांबला. जिन्यात थांबणं त्याला अलीकडं सोसत नसे. तसाच माघारी फिरला.

"काय राहिलं?" बाईंनी विचारलं.

"एकदा वाजवून बघू."

त्याने वहिनीला फोन केला. "वहिनी, मी ठेवला की माझा फोटो दाबा बरं. काही नाही, घड्याळ तपासतोय."

"भाऊजी, आधी माणसं तपासा," वहिनी म्हणाली. पण तिने दाबलं.

फोन त्याच्या हातात वाजत होता, पडद्यावर दादा. मनगट मात्र मेल्यासारखं पडून होतं. दोघं त्या काळ्या काचेकडं बघत राहिले.

"अगं बाई. ती त्या अ‍ॅपमधून करते होय. मला वाटलं, साधा फोन करत असेल."

"तिला तेवढंच येतं."

"मग हा कॉल घड्याळाला त्या अ‍ॅपची सूचना म्हणूनच कळतो. वरच्या कॉलच्या बटणात तो धरलेलाच नाही." बाई खाली मान घालून पुन्हा कामाला लागल्या. "आपलं चुकलंच. गोंगाट ग्रुपांचा, आणि मी दारच भिंतीत चिणून टाकलं."

त्यांनी घड्याळाच्या यादीत हिरवं अ‍ॅप परत चालू केलं. मग फोनमध्ये ते अ‍ॅप उघडून साइटच्या ग्रुपच्या नावावर गेल्या आणि तो म्यूट केला, कायमचा. चुलतभावांचा केला. बिल्डिंगचा केला.

"मेसेज येतील, सवडीनं वाचा. वाजणार नाहीत. एकट्याचा मेसेज आणि कॉल मात्र येईल. आणि ते 'डू नॉट डिस्टर्ब' लावायला जाऊ नका. त्यात कुणाला आत घ्यायचं हे निराळं सांगावं लागतं, आणि त्यात तुमचा घोळ व्हायचा."

"माझाच?"

"बरं, आपल्या दोघांचा. लावा आता वहिनींना."

वहिनीने पुन्हा फोटो दाबला. या खेपेला मनगट थरथरलं. दादा. फोरमनच्या अंगावर काटा आला, नेहमी यायचा तसाच, आणि त्याने घड्याळावर हात ठेवला.

मीटिंगमध्ये साहेब बंद पडलेल्या लिफ्टचा हिशेब विचारत होते. साइटच्या ग्रुपवर कुणाचा तरी वाढदिवस होता. टेबलावरचे बाकीचे फोन पालथे पडल्या पडल्या कण्हत होते. फोरमनचं मनगट गप्प. ते गप्प राहणं त्याला पेलवेना. टेबलाखाली तो दुसऱ्या हाताच्या बोटांनी मनगट चाचपत होता, नाडी बघावी तसा.

आणि ते हललं.

आधी त्याला भास वाटला. मग अक्षरं दिसली. दादा.

तो उठला. पालथ्या फोनांमधून आपला उचलला आणि दाराकडं गेला. साहेबांनी वर बघितलं, त्याच्या तोंडाकडं बघितलं, आणि पुन्हा कागदात डोकं घातलं.

"भाऊजी," वहिनीचा आवाज लांबून आल्यासारखा येत होता. "घर फिरतंय."

"खाली बसा. उभ्या राहू नका. साखर कुठंय?"

"ओट्यावर."

"बसल्या बसल्या सरका. मूठभर तोंडात टाका. फोन ठेवू नका."

दाराशी बाई साहेबांसाठी स्टोअरची वही घेऊन उभ्या होत्या. त्याने खूण केली तशी त्यांनी आपल्या फोनवरून शेजारणीला लावलं; तिचा नंबर त्याने त्यांच्याकडं कधीच देऊन ठेवला होता. फोरमन कान लावून राहिला. फरशीवर काहीतरी घासत गेल्याचा आवाज, डब्याचं झाकण, मग नुसता श्वास. किती वेळ नुसता श्वासच. दादाच्या फोनमधून येणारा श्वास.

मग किल्लीचा खडखडाट, आणि शेजारीण: "अहो, किती साखर सांडलीय ही."

"भाऊजी," जरा वेळाने वहिनी म्हणाली, "लागला की हो तुम्हाला फोन."

"लागला," तो म्हणाला.

संध्याकाळी तिच्याकडं जायचं ठरवून तो साइटवर निघाला. बाईंनी नाव बदलायचं का, असं डोळ्यांनीच विचारलं. त्याने मान हलवली. राहू दे.

जुन्या बिल्डिंगची लिफ्ट सकाळपासून त्याची वाट बघत होती. मेन स्विच पाडला, कुणी चुकून चालू करू नये म्हणून त्याला आपलं कुलूप घातलं आणि तो शिडीनं लिफ्टखालच्या खड्ड्यात उतरला. सोबतच्या मेकॅनिकने वरून बॅटरी धरली. लिफ्ट ज्यावरून सरकते त्या गाइड रेलचा बोल्ट ढिला होता. पाना लावताना मनगट थरथरल्यासारखं झालं. त्याने बघितलं. काच काळी.

"काय झालं, फोरमन?"

"काही नाही. उजेड जरा इकडं धर," तो म्हणाला आणि बोल्ट आवळायला लागला.