पान्याला मिळालेला पाऊण तास

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाचा फोन दिवसा लागत नाही, हे त्याच्या घरच्यांना ठाऊक असतं. लिफ्ट वर-खाली जाते त्या उभ्या शाफ्टमध्ये उतरायचं म्हणजे फोन बंद करून हत्यारांच्या पेटीत ठेवायचा, असा नियमच आहे. लिफ्टच्या टपावर उभं असताना खिशात काही वाजलं आणि लक्ष हललं, तर त्याची किंमत बोटांनी मोजावी लागते. पण हे नोकरीसाठी माणसं शोधणाऱ्या रिक्रूटर बाईंना कुठून माहीत असणार?

आमच्या या मेकॅनिकला सगळे पान्या म्हणत. चौदा वर्षं तो लिफ्टच्या शाफ्टमध्ये चढत-उतरत होता, आणि आता गुडघ्यांनी हात टेकले होते. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "शिड्या कमी करा, नाहीतर दोन वर्षांनी माझ्याकडे चालत येणार नाही तुम्ही." अशात एका मोठ्या कंपनीच्या प्रशिक्षण केंद्रात नव्या मेकॅनिकांना शिकवायची जागा निघाली. पान्याने अर्ज टाकला. रिक्रूटर बाईंचा मेसेज आला, 'बोलायला कधी जमेल?'

पान्याने लगेच उत्तर दिलं, 'कधीही करा मॅडम.'

त्याला वाटलं, आपण केवढे नम्र! बाईंनी सकाळी अकराला फोन केला, तेव्हा नम्र माणूस सातव्या मजल्याच्या वर टपावर रोलरला ग्रीस लावत होता. चार वाजता त्याने उलट फोन केला, तर त्या मीटिंगमध्ये. दुसऱ्या खेपेलाही तेच. सोमवारी संध्याकाळी बाईंचा पुन्हा मेसेज आला: 'बुधवारी दुपारी नावांची यादी पुढे पाठवायची आहे. त्याआधी पंधरा मिनिटं बोलणं व्हायलाच हवं. नेमकं कधी जमेल?'

पान्याने 'कधीही' एवढं टाइप केलंही होतं. तेवढ्यात त्याच्या थोरल्या बहिणीने मागून मान लांबवली. ताई दवाखान्याच्या काउंटरवर बसून वीस वर्षं लोकांना वेळा देत आलेली.

"कधीही? अरे गाढवा, मी पेशंटला 'कधीही या' म्हटलं ना, तर सगळे एकदम येतात, नाहीतर कुणीच येत नाही."

"पण ताई, मी त्यांना वेळ सांगायची? नोकरी मला हवीय. आगाऊपणा वाटेल."

"आगाऊपणा काय त्यात? तू तिला कोडं घालतोयस. तिने किती वेळा अंधारात दगड मारायचे? लिही, उद्या जेवायची सुट्टी कधी?"

"एक ते पावणेदोन."

"मग 'एक वाजता' लिही."

"एकला मी बाराव्या मजल्यावर असेन. खाली येऊन हात धुवायलाच दहा मिनिटं."

"मग सव्वा एक लिहायला काय पैसे पडतात? संध्याकाळी सुटतोस कधी?"

"साडेपाच."

"म्हणजे पावणेसहा. आणि परवा सकाळी स्कूटरवर बसायच्या आधीची एक वेळ दे. तीन पुरेत. यादी लांबली की माणूस निवडत नाही, नंतर बघू म्हणतो."

पान्या टाइप करत गेला, ताई खोडत गेली. त्याने गुडघ्यांची कहाणी लिहायला घेतली तेव्हा तिने फोनच हिसकावला. "हे फोनवर सांग, विचारलं तर." शेवटी मेसेज असा झाला:

'नमस्कार मॅडम. आधीचे दोन्ही फोन घेता आले नाहीत, माफ करा. कामावर असताना मी लिफ्टच्या शाफ्टमध्ये असतो, तिथे फोन बंद ठेवावा लागतो. मला नक्की बोलता येईल अशा वेळा: मंगळवार दुपारी १.१५ ते १.४५. मंगळवार संध्याकाळी ५.४५ ते ६.३०. बुधवार सकाळी ७.४५ ते ८.१५. यातली सोयीची वेळ कळवा, मी याच नंबरवर मोकळा असेन. यातलं काहीच जमत नसेल तर तुमची वेळ सांगा, मी सुट्टीचं बघतो.'

पाच मिनिटांत उत्तर आलं. 'मंगळवार १.१५. धन्यवाद, थेट कॅलेंडरमध्ये टाकलं.'

"बघ," ताई म्हणाली, "वर धन्यवादही मिळाले."

मंगळवारी पान्या सकाळपासून घड्याळाकडे बघत होता. त्याचे जोडीदार, वयाने मोठे, ज्यांना सगळे मास्तर म्हणत, त्याला चिडवत होते. "काय रे, मुलगी बघायला जायचंय का?" पण साडेबाराला त्यांनीच सांगितलं, "उतर तू वेळेवर. उरलेलं मी आवरतो."

एकला पाच कमी असताना शेजारच्या इमारतीतून निरोप आला. लिफ्ट अडकली होती. तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधे एक बाई आत होत्या, आणि त्यांना घाबरून धाप लागली होती.

"मी जातो," मास्तर म्हणाले. "तू फोन घे."

खरं तर मास्तरांनाही माहीत होतं, हे एकट्याचं काम नव्हे. एकाने वर मशीन रूममध्ये मेन स्विच बंद करून हाताने ब्रेक सोडायचा, दुसऱ्याने मजल्यावर उभं राहून लिफ्ट दाराशी आली की आवाज द्यायचा. एकट्याने केलं तर दार उघडताना लिफ्ट कुठे आहे, कुणी बघायचं?

"चला मास्तर," पान्या म्हणाला. जिना चढता चढता त्याने फोन काढला. काल तीन वेळा दिल्या होत्या म्हणून नवीन काही सुचवायची गरज नव्हती. 'मॅडम, लिफ्टमध्ये एक बाई अडकल्या आहेत, १.१५ ला जमणार नाही. माफ करा. आज ५.४५ आणि उद्या ७.४५ या दोन्ही वेळा अजून मोकळ्या आहेत.' पाठवलं आणि फोन बंद केला.

मास्तर वर गेले. पान्या चौथ्या मजल्याच्या दाराशी बसून आतल्या बाईंशी बोलत राहिला. "ताई, पंखा चालू आहे ना? मग हवा येतेय, घाबरू नका. आता लिफ्ट जरा वर सरकेल. दाराला हात लावू नका." आत एकच माणूस, त्यामुळे दोराच्या दुसऱ्या टोकाला टांगलेल्या तोलाचं वजन जास्त. ब्रेक सोडताच लिफ्ट आपसूक वर निघाली. इंच इंच. "थांबा!" पान्या ओरडला. वरून मास्तरांचं उत्तर आलं, ब्रेक बसला, मग किल्लीने दार उघडलं. बाई बाहेर आल्या आणि पान्याचा ग्रीसने माखलेला हात दोन्ही हातांत धरून उभ्या राहिल्या.

पावणेदोनला त्याने फोन चालू केला. काहीच नव्हतं. दोन वाजता मेसेज आला: 'बाई सुखरूप आहेत ना? ५.४५ ला बोलू.'

पान्याने तो तीनदा वाचला. मग मास्तरांना दाखवला. मास्तर म्हणाले, "आधी बाईंची चौकशी केलीय बघ. चांगल्या घरची दिसते."

साडेपाचला काम सुटलं. पान्या मागच्या जिन्याच्या पायरीवर जाऊन बसला. बरोबर पावणेसहाला फोन वाजला. रिक्रूटर बाईंनी पहिला प्रश्न विचारला, दुपारी नेमकं काय केलंत? पान्या सांगत गेला. ब्रेक कोणी सोडायचा, आवाज कोणी द्यायचा, घाबरलेल्या माणसाशी काय बोलायचं. त्याचं त्यालाच कळलं नाही की तो शिकवू लागला होता. पंधरा मिनिटांचा फोन अडतीस मिनिटं चालला.

"उद्या तुमचं नाव पाठवते," बाई म्हणाल्या. "पुढची मुलाखत तिथले प्रमुख घेतील. निकाल माझ्या हातात नाही, पण नाव नक्की जाईल."

पान्या जिन्यावरून खाली आला तर मास्तर वळणावर उभे. वरच्या मजल्यावर फर्निचर नेणाऱ्या हमालांना त्यांनी तिथेच थोपवून धरलं होतं.

"मास्तर, तुम्ही अजून इथेच?"

"तिकडे तुझा फोन चालू, आणि हे लोक कपाट आपटत आणत होते. म्हटलं, साडेसहापर्यंत चहा घ्या. मीच पाजला." ते हमालांकडे वळले. "चला रे, आता आणा."

पान्याने खांदा पुढे केला आणि हमालांच्या बरोबरीने कपाटाला हात लावला.

"गुडघे!" मास्तर ओरडले. "सोड ते! तुझी ती जागा अजून पक्की व्हायचीय, तोवर याच गुडघ्यांवर शिड्या चढायच्यात."