हळदीचं बोट

कॉम्प्युटरच्या कॅबिनेटवर हळदकुंकू दिसलं तेव्हाच माझं डोकं फिरलं होतं.

रोह्याच्या पोलीस ठाण्यात मागच्या खोलीत पंचांसमोर आम्ही सील फोडलं. आत एका केमिकल कंपनीच्या कंट्रोल रूममधला कॉम्प्युटर होता. गणपती विसर्जनाच्या आदल्या दिवशी तिथे गॅस सुटून एक ऑपरेटर गेला आणि त्याच दिवशी प्लांट बंद झाला. कंपनीचं म्हणणं, अलार्म वाजला तो त्याने स्वतःच बंद केला. त्याची बायको सांगत होती की तो खाली व्हॉल्व्हपाशी होता, वर अलार्म बंद केला तो सुपरवायझरने. अलार्म कुणाच्या लॉगिनवरून बंद झाला हे फक्त या कॉम्प्युटरमध्ये नोंदलेलं असणार होतं. पण तो जप्त व्हायला दिवाळी उलटली, तेही या बाईने ठाण्याचे उंबरे झिजवले म्हणून.

मी सायबर शाखेत आहे आणि कामात फार किरकिरी आहे, असं सगळे म्हणतात. खरंच आहे ते. कॅबिनेटचे सगळ्या बाजूंनी फोटो काढले. ‘पुढच्या बाजूस पिवळी व लाल पूड, फटीत झेंडूची सुकलेली पाकळी’ असं लिहिलं. डिस्क काढून तिचा सिरियल नंबर पंचांना वाचून दाखवला. मग ती राइट ब्लॉकरला जोडली. ही डबी डिस्कवरचं वाचू देते, डिस्कवर लिहू देत नाही. नुसता लॅपटॉप जोडला असता तर त्यानेच डिस्कवर काहीबाही लिहून ठेवलं असतं. ती जोडल्याची वेळही लिहिली.

डिस्क जुनी, त्यामुळे कॉपी रेंगाळत निघाली. पंच कंटाळून चहा मागू लागले. शेवटी मूळ डिस्कचा हॅश काढला, कॉपीचा काढला. डिस्कमधलं एक अक्षर बदललं तरी हा आकडा पार बदलतो. एक पंच एक आकडा वाचत होता, दुसरा पडद्यावर बोट ठेवून ताडून बघत होता. दोन्ही जुळले. पंचांनी सह्या केल्या आणि मूळ डिस्क पुन्हा सीलबंद झाली.

कॉपी घेऊन मी पेणला आमच्या खोलीत बसले. अपघातानंतर हा कॉम्प्युटर एकदाच चालू झाला होता, खंडेनवमीला. अलार्मचं सॉफ्टवेअर सुरू होताना पंधरा दिवसांपलीकडच्या नोंदी पुसून टाकतं, तशी त्याने अपघाताच्या दिवसाची फाइल पुसली होती. पुसलेलं बऱ्याचदा सापडतं, म्हणून शोधत राहिले. तुकडा सापडलाही. अलार्म वाजल्याची ओळ त्यात शाबूत होती. बंद कुणी केला ती ओळ जिथे असायला हवी, तिथे खंडेनवमीची नोंद बसली होती.

मला वाटलं, कंपनीनेच डाव साधला. तपास अधिकाऱ्याने चौकशी केली तेव्हा गेलेल्या ऑपरेटरच्या शिफ्टमधला दोस्त आपणहून पुढे आला. जबाब त्याने माझ्यासमोरच दिला.

“आमीच चालू केला, मॅडम. त्याची मशीन होती. खंडेनवमीला सगळ्या मशीनींची पूजा झाली, हीच बिनपूजेची कशी ठेवायची? हळदीचं बोट लावलं, नारळ फोडला. पूजेला मशीन एकदा चालवायला लागते ना.”

आत शिरलात कसे, असं मी ओरडूनच विचारलं. कंट्रोल रूमला कंपनीने साधं कुलूप लावलं होतं आणि किल्ली नेहमीच्याच खिळ्यावर होती. जबाब संपल्यावर त्याने हळूच विचारलं, पूजेचं कागदावर नाय आणलं तर चालंल काय? मी नाही म्हणाले. इतका राग मला आरोपीचाही कधी आला नव्हता, आणि त्याच्याइतकी कीवही कुणाची आली नव्हती.

अहवालात सगळं लिहिलं, पूजेसकट.

काही दिवसांनी त्या ऑपरेटरची बायको पेणला आली. धरमतरकडच्या मिठागरातली बाई, बांधावर काम करून पायांना भेगा पडलेल्या. तपास अधिकारी म्हणाले, तुम्हीच सांगा, मला नाही जमायचं. मी तिला पाणी दिलं. कॉपी मुळाबरहुकूम आहे, कोर्टात कुणी बोट ठेवू शकणार नाही, असं काहीतरी बोलत सुटले. तिने ऐकून घेतलं.

“मंग त्यात माज्या नवऱ्याचं नाव हाय का नाय, ताई?”

“आहे.”

“अलार्म बंद केल्याचं?”

“नाही. ती ओळ गेली. नाव खंडेनवमीचं आहे. पूजेला मशीन चालू केली तेव्हा दोस्तांनी त्याच्याच नावाने लॉगिन केलं, आणि त्यातच ती ओळ पुसली गेली.”

तिला कळायला वेळ लागला. मग ती म्हणाली, “त्याच्या नावानं पूजा केली. मला सांगितलंनी होतं. परसाद पन दिलानी. मी पोरांना वाटला.”

पदर सावरून ती उठली, आणि अहवालात हे लिहिलं असेल तर दोस्ताची नोकरी जाईल का, असं तिने मला विचारलं.