तीन गाडे, एक शेळी

वृत्तपत्रात मी एकतीस वर्षे इतरांचा मजकूर कापला. त्या कामाचा सर्वांत मोठा अपमान निवृत्तीनंतर, नांदेडच्या घरी, अडीच वर्षांच्या नातीकडून झाला.

मुलगी बालवाडी शिक्षिका आहे. लातूरला तिचे पाच दिवसांचे प्रशिक्षण होते. नात माझ्याकडे दुपारी झोपली नाही, तर प्रशिक्षण सोडून मुलगी परत येणार, असे ठरले होते.

गोष्ट मीच रचली होती. अर्धापूरची एक शेळी केळीच्या तीन गाड्यांवर जाते. प्रत्येक गाडेवाला विचारतो, "खाल्लंस का गं?" शेळी म्हणते, "न्हाई, नुसता वास घेतला." तिच्या तोंडाला साल चिकटलेली असते.

पहिल्या दिवशी गोष्ट सहा वेळा झाली. दुसऱ्या दिवशी माझ्यातला उपसंपादक जागा झाला. तिन्ही गाड्यांवर घटना एकच, म्हणून मधला गाडा मी कापला. नात उठून बसली. "दुसरा गाडा?" मी पुढे रेटले. ती रडली आणि झोपली नाही.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. "झोपली का?"

"नाही. गोष्ट थोडी आटोपशीर केली."

"बाबा, तुम्ही गोष्टीलाबी कात्री लावली? अहो, पोरीला एका खेपेत सगळं कळत न्हाई. आधी नुसती शेळी कळते. पुढं काय येणार ते पाठ झालं की डोकं मोकळं होतं, मग बाकीचं दिसतं. ओळखलेलं तसंच आलं की तिला भारी वाटतं. एकच व्हिडिओ परत परत लावून बसते, तेबी त्याच्यासाठीच. मी उद्या निघू का?"

"एक दिवस थांब," मी म्हणालो. आयुष्यात प्रथमच कापलेला मजकूर परत लावायचा होता.

तिसऱ्या दिवशी मी गाडा जागेवर ठेवला आणि बघत राहिलो. पहिल्या दिवशी ती फक्त माझ्या तोंडाकडे बघत होती. आता मी थांबलो की "न्हाई" ती म्हणू लागली. पुढच्या खेपेला अख्खे वाक्य म्हणाली. नवव्या की दहाव्या वेळी तिने माझा हात धरला.

"आबा, साल हाय की तोंडाला."

"हाव."

"मग खाल्लं."

साल पहिल्यापासून गोष्टीत होती. शेळी खोटे बोलते, हे तिला आत्ता कळले. आणखी एकदा सांगायला लावून ती तिसऱ्या गाड्यावर झोपली. मुलीला तसे कळवले. प्रशिक्षण पूर्ण झाले.

पाचव्या दिवशी बिस्किटाचा डबा उघडा दिसला. नातीच्या ओठांवर चुरा होता.

"खाल्लंस का गं?"

"न्हाई. नुसता वास घेतला."

लातूरहून परतलेली मुलगी दारात चपला काढत होती. "हे कुणी शिकवलं?" तिने विचारले.

मी डब्याचे झाकण लावले. नातीने आईला खाली बसवले आणि पहिल्या गाड्यापासून सुरुवात केली. दुसरा गाडा आला तेव्हा तिने माझ्याकडे नीट वळून पाहिले.