खेकड्याची अर्धी गोष्ट

गेल्या नोव्हेंबरातला पहिला शुक्रवार, रक्कम अठ्ठ्याण्णव दिनार. इथे आखातात, हूरा भागातल्या एका इंजिनिअरच्या दिवाणखान्यात आम्ही नऊ पालक बसलो होतो. मराठी मंडळाच्या वार्षिक कार्यक्रमासाठी चौदा मुलांचे नाचाचे पोशाख, प्रत्येकी सात दिनार. ज्यांचा वर्ग बंद करून हा नाच बसवायचा होता, त्या बाईंना बोलावलं नव्हतं.

बाई वसईच्या, इथल्या एका इस्पितळात नर्स. शुक्रवारची सुट्टी मिळावी म्हणून इतरांच्या शिफ्ट स्वतःवर घेत आणि दहा ते बारा आमच्या मुलांना मराठी बोलायला शिकवत. मंडळाच्या समितीकडून त्यांना टॅक्सीचे पैसे मिळत, बाकी काही नाही. त्यांची पद्धत सोपी होती. आधी ताट मांडायचं गाणं. त्यांनीच रचलेलं. ओळीत वाटी आली की मुलानं उठून वाटी आणायची, पाणी आलं की पाणी. घरीही रोज जेवणाआधी हेच म्हणायचं. मग गोष्ट. बिळाबाहेर अडकलेल्या एका खेकड्याची गोष्ट त्या नेमकी अर्ध्यावर सोडत. पुढे काय झालं असेल ते मुलानं आठवडाभरात घरी विचारायचं आणि पुढच्या शुक्रवारी तोंडी सांगायचं. कागद चालणार नाही, एवढा एकच नियम.

त्यात मेख अशी होती की गोष्ट घरी विचारायची म्हणजे घरात कुणीतरी मराठीत उत्तर द्यायला हवं. पालकांना तेवढंच जड गेलं. ऑफिसात इंग्रजी, ड्रायव्हरशी हिंदी, दुकानात अरबी खलास आणि यल्ला, आणि घरी मुलाशी पुन्हा इंग्रजी. ही माणसं मराठी फक्त स्टेजवरून बोलतात, तेही आभार मानताना. माझं घरही वेगळं नव्हतं. मुलगा आठ वर्षांचा. त्याला सगळं कळे, पण उत्तर इंग्रजीत. वर्ग सुरू झाला तेव्हा मी एक आठवडा त्याची मराठी वाक्यं मोजली होती: दिवसाला चार, त्यातली दोन गाण्यातली. तिसऱ्या महिन्यात एकतीस. खेकड्याला भूक लागली असेल की नाही यावर तो बायकोशी मराठीत भांडायला लागला होता.

इंजिनिअरसाहेबांनी मात्र गोष्टीचा पुढचा भाग स्वतः लिहून काढला. चार पानं, मराठीच पण इंग्रजी अक्षरांत टाइप केलेली, शेवटी तात्पर्य. त्यांच्या नऊ वर्षांच्या मुलीनं ती वर्गात धडाधड वाचली. मी त्या दिवशी मागे बसलो होतो. बाईंनी कागद हळूच घेतला, घडी घातली आणि विचारलं, "मग खेकडा घरी का नाही गेला गं?"

मुलगी घडी घातलेल्या कागदाकडे बघत म्हणाली, "मला नाही माहीत. पप्पांना विचारा."

मुलं हसली, बाईही हसल्या. "बघ, हे कसं छान बोललीस," त्या म्हणाल्या. त्या मुलीचं वर्गातलं ते पहिलं स्वतःचं मराठी वाक्य होतं. वडिलांपर्यंत ते अपमान म्हणून पोचलं.

म्हणून ही सभा. बाईंना अभ्यासक्रम नाही, परीक्षा नाही, प्रमाणपत्र नाही, अशी तक्रार झाली. एका बँकवाल्यांनी वसईचं मराठी मुलांच्या कानावर पडणं बरं नाही, असं सुचवलं; हे सुचवताना त्यांच्या एका वाक्यात मराठी शब्द तीन होते. त्याऐवजी शुक्रवारी दोन तास नाचाची तालीम. गाणं रेकॉर्डवर, म्हणजे चौदातल्या एकालाही तोंड उघडायला नको.

मी माझे आकडे सांगितले. चार आणि एकतीस.

"अहो, घरी काय बोलतात ते कोण बघतंय?" इंजिनिअर म्हणाले. "कार्यक्रमाला चारशे लोक येतात."

"खेकड्याला चारशे लोक लागत नाहीत," माझी बायको म्हणाली.

"वहिनी, तुम्ही घरीच घ्या मग वर्ग."

हात वर झाले. सात विरुद्ध दोन, आणि ते दोन आम्हीच.

दुसऱ्या दिवशी आम्ही बाईंच्या क्वार्टरवर गेलो. नाचाचं त्यांना आधीच कळलं होतं. त्यांनी फक्त विचारलं की आमच्याकडे जेवणाचं टेबल केवढं आहे. सहाजणांचं, असं सांगितल्यावर म्हणाल्या, पुरे.

पुढच्या शुक्रवारपासून वर्ग आमच्या घरी भरू लागला. आमचा मुलगा धरून चौदातली चार मुलं आली. चौथी इंजिनिअरची मुलगी. तिची आई तिला आमच्या दारात सोडते आणि घरी पोहण्याचा क्लास म्हणून सांगते. टॉवेल असलेली पिशवी आमच्या सोफ्यावर कोरडी पडलेली असते. मुलगी खेकड्याला कधी इथल्याच मुहर्रकच्या पुलाखाली नेते, कधी सलमाबादच्या गॅरेजमध्ये, आणि हे सगळं आईला विचारून आणलेलं असतं, मराठीत.

बाई फी घ्यायला तयार नव्हत्या. मी फुकट काम घ्यायला तयार नव्हतो, ते समितीनं पुष्कळ घेतलं होतं. पहिल्या महिन्याअखेर चार मुलांचे प्रत्येकी पाच, असे वीस दिनार बाईंच्या हातात दिले. बाईंनी ते मोजून पर्समध्ये ठेवले आणि खेकड्याची पुढची अर्धी गोष्ट सुरू केली.