बाईंच्या मेलमधली चिन्हं

सुलतान बाजारातल्या आमच्या मंडळाच्या वाचनालयात एक संगणक आहे आणि मंडळाची मेल फक्त त्याच्यावरच उघडते. ही व्यवस्था माझी. वार्षिक अंकाचं संपादन बरीच वर्षं माझ्याकडे होतं, आणि लेख चार जणांच्या फोनांवर विखुरले की एखादा हमखास हरवतो, हे मला अनुभवाने ठाऊक होतं. प्रत्येक लेखकाचं वेगळं फोल्डर, आलेल्या लेखांची यादी भिंतीवर. यादीत पहिली ओळ नेहमी बाईंची.

बाईंनी मला शाळेत मराठी शिकवलं. आता त्या गौलीगुड्यात राहतात, जिना उतरत नाहीत, फोनवर त्यांना धड ऐकू येत नाही. हात थरथरायला लागला तेव्हा त्या टायपिंग शिकल्या. मला त्याचं फार कौतुक होतं. मग कोणीतरी त्यांच्या संगणकावर दुसरा मेल प्रोग्रॅम बसवून दिला आणि त्यांच्या पत्राऐवजी मला हे यायला लागलं:

à¤¦à¤¿à¤µà¤¾à¤³à¥€

हा विषय. खाली दोन पानं असंच. डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए, आणि त्याच्या मागे जगातलं सगळं चलन.

बाई आपली मेल आणखी एका व्यक्तीला पाठवत. दोन वर्षांपूर्वी पुण्याहून आलेली, आयटीत काम करणारी, मंडळात नवीन, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. तिला ती फोनवर स्वच्छ मराठीत दिसे. बैठकीत मी बाईंच्या लेखाचं नाव सांगायला तोंड उघडावं, तर ती त्यातला उतारा वाचायला लागलेली असे. वाचायचीही छान. खजिनदार मला म्हणाले, “ताई, बाई तुम्हाला चिनीत लिहितात आणि त्यांना मराठीत. काय भानगड आहे?” सगळे हसले. मीही हसले. चिक्कडपल्लीपर्यंत घरी जाताना बसमध्ये मात्र मी त्या एका वाक्याला सहा उत्तरं तयार केली.

“तुम्ही त्रास घेऊ नका, मी साफ करून पाठवत जाईन,” असं ती म्हणाली होती, आणि पाठवतही होती. मला माझ्याच बाई तिच्या हातून वाचाव्या लागत होत्या. ती दयाळूपणे वागत होती, याचा राग तर जास्तच.

अंकाला महिना उरला असताना बाईंची एक मेल आली ती फक्त मला. तिचं नाव कुठे नव्हतं. मी दोनदा तपासलं आणि मला बरं वाटलं. पण वाचता एक अक्षर येईना. बाईंना विचारायचं तर त्यांचं पत्र मला दिसतच नाही हे कबूल करावं लागलं असतं. शेवटी मी ते आलं तसं तिला फॉरवर्ड केलं, वर एक ओळ लिहून: सवडीने बघा, घाई नाही.

तिचा लगेच फोन आला.

“ताई, हे माझ्याकडून दुरुस्त होणार नाही. तुम्ही पुढे पाठवलंत ना, तेव्हा ती चिन्हंच खरी अक्षरं म्हणून नव्याने लिहिली गेली. मधली काही गळलीही आहेत. मूळ मेल तुमच्याकडे आहे. ती शाबूत आहे.”

“पण ती मला वाचता येत नाही.”

“येईल. पत्र कोणत्या लिपिसंकेतात लिहिलंय ही नोंद पाठवताना वर जायला हवी, ती बाईंच्या प्रोग्रॅमकडून जात नाहीये. माझा फोन अंदाजाने ओळखतो. तुमचा संगणक ते पाश्चात्त्य अक्षरांत आहे असं धरून चालतो. त्याला सांगायचं, बस. वरच्या पट्टीवर ‘व्ह्यू’ आहे?”

होतं. त्याखाली टेक्स्ट एन्कोडिंग, म्हणजे तोच लिपिसंकेत, होतं आणि त्यात एक लांब यादी. ‘वेस्टर्न’वर खूण होती. मी रोज त्या खिडकीसमोर बसत होते आणि ती यादी माझ्या नजरेतून सुटली होती.

“युनिकोड निवडा,” ती म्हणाली.

मी निवडलं. डोळा लवायच्या आत पान मराठी झालं. वरचा विषय वाचता आला: ‘संपादनाबद्दल’. डावीकडच्या यादीत तोच विषय अजून चिन्हांत होता.

“आलं का?” तिने विचारलं. “काय म्हणतायत बाई?”

फोन ठेवता आला असता. पण तिच्याच मदतीने उघडलेलं पत्र तिच्यापासून लपवायचं मला जमेना. मी मोठ्याने वाचायला लागले. बाईंनी लिहिलं होतं की या वर्षीपासून संपादन मी तिच्याकडे द्यावं. पुढचं वाक्य मी आधी मनात वाचलं आणि मग, आवाज सरळ ठेवून, मोठ्याने.

“तू व्यवस्था उत्तम ठेवतेस. पण इतक्या वर्षांत माझी एक ओळ कधी कापली नाहीस. तिने मी दाखवलेल्या पहिल्याच लेखातली दोन पानं काढली, आणि लेख उभा राहिला.”



“ती दोन पानं कापली म्हणून बाई आठवडाभर माझ्याशी बोलल्या नव्हत्या,” ती म्हणाली. “भेटायला येऊ का, असा मी निरोप पाठवला तर म्हणे, नक्को. आणि ताई, मला बाई इतकं लांब कधी लिहीत नाहीत. मला येतं ते ‘लेख पाठवला, पोच द्या’ एवढंच.”

मला त्या आठवड्याचा हेवा वाटला. माझ्यावर बाई शाळा सुटल्यापासून कधी रागावल्याच नव्हत्या.

मेलच्या शेवटी या वर्षीचा लेख होता. तिने तो मागितला नाही. मी म्हटलं, हा मी बघते, बाकीच्याचं रविवारी ठरवू. ती बरं म्हणाली. मी लेख छापून घेतला आणि लाल पेन घेऊन बसले. पहिली ओळ खोडायलाच बराच वेळ गेला. बाईंचं वाक्य खोडणं म्हणजे त्यांच्या वर्गात मागच्या बाकावरून मोठ्याने बोलण्यासारखं. पण गौलीगुड्यातल्या पाणीटंचाईवरचा तिसरा परिच्छेद खरोखरच दोनदा आला होता, एकदा तक्रारीसह आणि एकदा विनोदासह. मी तक्रारीचा काढला. मग शेवटातलं अर्धं पान. कापलेला लेख बाईंना पाठवून दिला, माफी वगैरे न मागता.

बाईंची पोच आली नाही. एरवी संध्याकाळपर्यंत येते.

वाट बघता बघता मी बाईंच्या फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन मूळ एन्कोडिंगच युनिकोड करून टाकलं आणि फोल्डरची दुरुस्ती चालवली. यादीतले सगळे विषय एकाखाली एक मराठीत उभे राहिले. पुन्हा कोणाला विचारायची गरज उरली नाही.

रविवारी ती आली. मी तिला खुर्ची दिली, माझी नव्हे, शेजारची. उरलेल्या लेखांपैकी निम्मे तिच्याकडे, निम्मे माझ्याकडे असं ठरलं, आणि अंकावर संपादक म्हणून दोघींची नावं. आम्ही असं बोलत असतानाच मेल आली. बाईंची, दोघींना. विषय होता ‘तिसरा परिच्छेद’. आत एकच ओळ होती: परत घाल, नाहीतर लेख परत दे.

“रागावल्यात,” ती म्हणाली.

“हो,” मी म्हटलं, आणि मला फार समाधान वाटलं. मी परिच्छेद परत घातला नाही. बाईंनी लेखही परत घेतला नाही.

अंक छापून आला तेव्हा संपादकांत माझं नाव आधी होतं. नावं वर्णानुक्रमे लावावीत, हा नियम त्या रविवारी मीच सुचवला होता.