पश्चिमेच्या भिंतीवरचं धुराडं

लोणावळ्यात स्टेशनजवळ मी हॉटेलसाठी खालचा गाळा भाड्यानं घेतला. भटारखान्याचं धुराडं छपराच्या वर नेल्याशिवाय आणि मालकाचं संमतिपत्र जोडल्याशिवाय नगरपालिका परवाना देत नव्हती.

मालक पुण्याचे. ऐन थंडीत आले, अंगणात उदबत्ती लावून धुराची दिशा पाहिली आणि पश्चिमेच्या भिंतीवर खडूनं फुली मारली.

मी म्हणालो, "पावसाळ्यात वारा उलटा फिरतो. धूर वरच्या खोल्यांत जाईल."

"घर माझं आहे," ते म्हणाले. संमतिपत्रात त्यांनी अट घातली, की मालकाच्या लेखी मंजुरीशिवाय धुराडं हलवू नये. नकाशावर सही केली. परवाना मिळाला.

आषाढात ते सहकुटुंब पाऊस बघायला वरच्या खोल्यांत उतरले. दुसऱ्या दिवशी डोळे पुसत खाली आले.

"हे धुराडं आजच्या आज हलवा."

मी त्यांचंच संमतिपत्र पुढे ठेवलं. "लेखी मंजुरी लागेल. नकाशाही नवा करावा लागेल. जागा कुठली लिहू?"

ते गल्ल्याशेजारी बसले आणि खोकत खोकत लिहू लागले. शेवटची ओळ होती: जागा भाडेकरूने ठरवावी.